पेपर पॅटर्न कसा वाचायचा? बाण, खाचा आणि घडीच्या खुणांचा अर्थ

बीड, अंबाजोगाई, परळीकडे शिवणकाम शिकताना सहसा मापावरून कागदावर ड्राफ्ट काढायला शिकवतात. छातीचं माप घ्यायचं, त्यावरून मुंढा आणि गळा काढायचा, कापडावर खडूने मार्जिन वाढवायचं आणि कापायचं. आता तयार पेपर पॅटर्नही मोबाइलवर पीडीएफ म्हणून मिळतात आणि झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येतात. त्यात आकडेमोड दुसऱ्याने केलेली असते. शिवणाऱ्याने फक्त खुणा वाचायच्या असतात. पण एक खूण चुकली, तर अडीच मीटर कापड वाया जाऊ शकतं.

मार्जिन धरलंय की नाही?

सवयीने सगळ्यात आधी इथेच चूक होते. सिम्प्लिसिटी, मॅककॉल्स, बटरिक या अमेरिकी कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये साधारण १.५ सेंटीमीटर मार्जिन आधीच धरलेलं असतं. जर्मनीच्या बुर्डा मासिकातल्या पॅटर्नमध्ये ते नसतं, बाहेरून वाढवावं लागतं. काय करायचं ते सूचनापत्रात लिहिलेलं असतं.

समजा, तयार कुर्त्याची छाती ९६ सेंटीमीटर हवी आहे. मार्जिन धरलेल्या पॅटर्नला पुन्हा दीड सेंटीमीटर वाढवलं, तर दोन बाजूंच्या शिलाईच्या चार कडा मिळून ६ सेंटीमीटर वाढतात आणि कुर्ता १०२ चा होतो. मार्जिन नसलेला पॅटर्न तसाच कापला, तर तो ९० चा होतो. सैल कुर्ता आत घेता येतो, तोकडं कापड वाढवता येत नाही.

पीडीएफ छापताना `Actual size` हा पर्याय निवडायचा. पानावरचा तपासणीचा चौकोन पट्टीने मोजायचा. १० सेंटीमीटरचा चौकोन ९.६ भरला, तर सगळा पॅटर्नच लहान छापला गेला आहे.

लांब सरळ बाण: उभा धागा

प्रत्येक तुकड्यावर दोन्ही टोकांना बाण असलेली सरळ रेघ असते. ती कापडाच्या काठाला समांतर ठेवायची. काठाच्या दिशेचा उभा धागा सगळ्यात कमी ताणतो, आडवा थोडा जास्त आणि उरेब सगळ्यात जास्त. रेघ तिरकी पडली, तर कापताना काही कळत नाही. पण धुतल्यावर कुर्त्याची बाजूची शिलाई पुढे सरकते, किंवा सलवारीचा पाय पिळवटतो.

नजरेच्या अंदाजावर इथे भरवसा नको. बाणाच्या एका टोकाला टाचणी लावून काठापर्यंतचं अंतर मोजायचं. ते १८ सेंटीमीटर असेल, तर दुसऱ्या टोकापासूनही १८ च भरायला हवं. १७ भरलं तर टाचणीभोवती कागद फिरवून रेघ सरळ करायची.

दोन्ही टोकांना वळलेला बाण: घडी

रेघेची टोकं काटकोनात वळून कागदाच्या कडेकडे रोखलेली असतील, तर ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची. कुर्त्याच्या पुढच्या भागाचा कागद अर्धाच असतो आणि त्यावर ‘कट १ ऑन फोल्ड’ असं लिहिलेलं असतं. ही कड कापायची नाही. कापली तर एका अखंड भागाचे दोन तुकडे होतात आणि मध्ये जोडायला मार्जिनही उरत नाही.

बाहीवर ‘कट २’ असतं. कापड दुमडून दुहेरी कापलं, तर उजवी आणि डावी अशी जोडी मिळते. कापड एकेरी असेल, तर दुसऱ्या बाहीसाठी कागद उलटा ठेवायचा. नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात.

खाचा: कोण कोणाला जुळतं?

कडेवरचे छोटे त्रिकोण किंवा आडव्या रेघा म्हणजे खाचा. एका तुकड्यावरची खाच शिवताना दुसऱ्या तुकड्यावरच्या तशाच खाचेला लावायची. बाहीवर सहसा एक खाच पुढच्या बाजूला आणि दोन खाचा मागच्या बाजूला असतात. बाहीचा गोल पुढे-मागे सारखा नसतो. बाही उलटी लागली, तर हात पुढे नेताना मुंढ्यात ओढ बसते.

बऱ्याच पॅटर्नमध्ये बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठा असतो. ती कापण्यातली चूक नव्हे. जास्तीचं कापड छाटायचं नाही. खाचा आधी जुळवायच्या आणि ते कापड खांद्याकडच्या भागात बारीक सामावून घ्यायचं.

कापडावर खाच मारताना मार्जिनच्या आत ३ मिलिमीटरचा कट पुरतो. सुटणाऱ्या जॉर्जेटवर कट न देता खडूची खूण करावी. कट शिलाईच्या रेघेपलीकडे गेला, तर तिथे भोक राहतं.