थायरॉईडची गोळी, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या आणि टीएसएच पुन्हा तपासण्याची योग्य वेळ

थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असेल तर डॉक्टर लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. बरेच जण ती वर्षानुवर्षे घेतात. मग एखाद्या वेळी टीएसएच अचानक वाढलेला येतो आणि डोस वाढवला जातो. पण डोस वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: गोळी पोटातून रक्तात पूर्ण पोहोचते आहे का?

एक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांची एक महिला रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. टीएसएच २.८, म्हणजे ठीक आहे. साधारणपणे ०.४ ते ४ ही पातळी नॉर्मल समजतात. पुढे अशक्तपणा आणि पाठदुखीसाठी तिला लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. विसरायला नको म्हणून ती तिन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर घेऊ लागते. दोन महिन्यांनी टीएसएच ९.४ येतो.

इथे तिचा आजार वाढलाच आहे असं नाही. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉईडच्या औषधाला चिकटतात आणि त्याचा बराच भाग रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. अॅसिडिटीच्या काही गोळ्या आणि मल्टीव्हिटॅमिन यांच्यातही कॅल्शियम, लोह किंवा अॅल्युमिनियम असतं, त्यांचाही असाच परिणाम होतो.

आता हे न सांगता डोस १०० केला तर टीएसएच खाली येईलही. पण तीन महिन्यांनी लोह-कॅल्शियमचा कोर्स संपला की तीच १०० ची गोळी पूर्ण लागू पडते आणि डोस जास्त होतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न येणं, वजन उतरणं ही त्याची लक्षणं. वयस्कर माणसांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडंही ठिसूळ होतात.

म्हणून अशा वेळी डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा आणि त्या कधी घेता ते सांगा. अनेकदा डोस तोच ठेवून फक्त वेळा बदलल्या जातात. थायरॉईडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. फजरनंतर सहा वाजता थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोहाची गोळी दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावं. कॅल्शियम लोहालाही अडवतं, म्हणून ती दोन्हीही एकत्र नकोत.

रमजानमध्ये हेच गणित थोडं बदलतं. इफ्तार आणि जेवण आठपर्यंत उरकलं तर तरावीहनंतर अकराच्या सुमारास, पोट तीन तास रिकामं असताना, थायरॉईडची गोळी घेता येते. लोह इफ्तारच्या वेळी सातच्या आत आणि कॅल्शियम सहरीत. रात्री खाणं चालूच राहत असेल तर सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून गोळी घ्यावी. मग कॅल्शियमही इफ्तारनंतर, लोहापासून दोन-तीन तास दूर ठेवावं. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

वेळ किंवा डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासावा. शरीरातलं हे औषध निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो आणि तो त्याच्याही मागून बदलतो. दोन आठवड्यांत केलेला रिपोर्ट अर्धवट असतो. तो पाहून पुन्हा डोस बदलला तर आकडा खाली-वर होतच राहतो. वरच्या उदाहरणात वेळा नीट केल्या आणि सात आठवड्यांनी टीएसएच ३ च्या आसपास आला, तर ७५ चा डोस पुरेसा होता हे कळतं. तेव्हाही तो ९ च्या घरातच राहिला, तर मात्र डॉक्टर डोस वाढवतील, बहुतेक वेळा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी आणि शक्यतो लॅब तीच ठेवावी.

गरोदरपण याला अपवाद आहे. दिवस राहिल्याचं कळताच लगेच डॉक्टरांना कळवा, कारण डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. पहिल्या निम्म्या काळात टीएसएच दर चार आठवड्यांनी तपासतात. सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिक अॅसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या बंद करायच्या नाहीत. त्यांच्या आणि थायरॉईडच्या गोळीच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या, एवढंच. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीच्या पातळीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.