दोनपाळी टॅक्सी

एकाच टॅक्सीवर दोन चालकांनी दिवस आणि रात्र वाटून घेऊन धंदा करण्याची पद्धत. गाडीचा हप्ता, विमा आणि परवाना यांचा खर्च गाडी उभी असली तरी चुकत नाही. म्हणून ती चोवीस तास राबवायची, हा या पद्धतीचा हेतू. मुंबईच्या काळीपिवळीवर ती रुळलेली आहे. तिथे मालक बहुधा प्रत्येक पाळीचे ठरीव भाडे घेतो आणि वर उरेल ते चालकाचे. मीटरवर मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत सव्वापट भाडे लागते, त्यामुळे रात्रीच्या जागरणाची भरपाई काही अंशी मीटरच करून देतो.

पेण-रोहा पट्ट्यात हे गणित बदलते. इथली गाडी बहुतेक वेळा ठरवलेल्या भाड्यावर धावते. पेणहून मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेलेली गाडी महामार्गावर अडकली की पाळी संपण्याच्या वेळेला परत येईलच असे नाही. रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते, तेव्हा तिथल्या रात्रपाळीचे नशीब गाड्यांच्या वेळांना बांधलेले असते; धाटावच्या कारखान्यांमुळे मात्र अवेळीही थोडे काम मिळते. गणपतीत चाकरमानी उतरू लागले की रात्र दिवसाहून भारी पडते, आणि पुढे पुन्हा ती रिकामी होते. अशा ठिकाणी ‘ज्याच्या पाळीत मिळाले ते त्याचे’ हा नियम जोडी फार दिवस टिकू देत नाही. त्यापेक्षा गल्ला एकत्र करून तासांवर वाटणी करणे बरे.

समजा, एका आठवड्यात दिवसाच्या चालकाने ६६ तास चालवून १२,००० रुपये आणले आणि ३,६०० रुपयांचा सीएनजी भरला. रात्रीच्या चालकाचे तास ५४, जमा १३,५०० आणि सीएनजी ३,३०० रुपये. हप्ता, विमा, टायर-सर्व्हिसिंगसाठी आठवड्याला ६,००० रुपये बाजूला काढायचे आहेत. हे निम्मे-निम्मे भरून ज्याची कमाई त्याने ठेवली, तर दिवसाला ५,४०० आणि रात्रीला ७,२०० रुपये उरतात. म्हणजे बारा तास जास्त बसलेल्याला अठराशे कमी.

एकत्र गल्ल्यात सीएनजी आणि गाडीचा खर्च वजा जाता १२,६०० रुपये राहतात. मीटरचाच नियम उसना घेऊन मध्यरात्र ते पहाटे पाचचा तास सव्वा तास धरायचा. रात्रीच्या चालकाचे असे २४ तास झाले असतील, तर त्याचे तास ५४ ऐवजी ६० होतात. एकूण १२६ तास, दर तासाला १०० रुपये. दिवसाला ६,६०० आणि रात्रीला ६,०००. भांडण पैशावर होण्याआधी तासांवर होते, म्हणून स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहणे तासांत धरायचे आणि सीट पाडून काढलेली झोप धरायची नाही, हे आधीच ठरवावे. एकत्र गल्ल्याची उणीवही उघड आहे: आळशी जोडीदाराची झळ दुसऱ्याला बसते.

हा आळस ओळखायला वही लागते. गाडी ताब्यात घेताना किलोमीटर, वेळ आणि भरलेला गॅस लिहायचा. टाकी भरूनच गाडी द्यायची. एका पाळीत किलोला किलोमीटर सतत कमी पडू लागले, तर बहुधा एसी लावून गाडी उभी राहते आहे. किलोमीटर भरपूर आणि जमा कमी असेल, तर रिकाम्या परतीच्या फेऱ्या जास्त आहेत किंवा एखादे भाडे वहीत आलेले नाही. वेगमर्यादेच्या ई-चलानवर वेळ छापलेली असते, त्यामुळे दंड कोणाचा हे सहसा सुटते. घासलेल्या बंपरचे मात्र सुटत नाही; तो ताबा घेताना दोघांनी मिळून पाहायचा असतो.

ताबा कधी द्यायचा, यालाही किंमत आहे. न्यूयॉर्कमध्ये पाळीबदल दुपारी चार-पाचच्या सुमारास ठेवण्याची रीत पडली, कारण त्यामुळे सकाळची गर्दी एकाला आणि संध्याकाळची दुसऱ्याला मिळते. प्रवाशांना त्या वेळेत टॅक्सी मिळेनाशी झाली, हा त्याचा दुसरा भाग. पेणसारख्या ठिकाणी लांबचे भाडे लागले की घड्याळ पाळता येत नाही. तिथे उशिराचे तास चालवणाऱ्याच्या नावावर चढवून पुढच्याची पाळी तेवढी पुढे सरकवणे, हाच व्यवहार्य मार्ग.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण ती पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. दोघांची जोडी तिच्याबाहेर राहिली, म्हणून विश्रांतीची काळजी जोडीनेच घ्यायची. पंधरवड्याने पाळ्या बदलताना मध्ये पूर्ण एक दिवस गाडी उभी ठेवावी लागते. नाहीतर रात्रभर चालवलेलाच माणूस सकाळी पुन्हा चाकावर बसतो.