सनदी लेखापाल परीक्षेतील गुणांची भरपाई

गुणांची भरपाई (प्रचलित संज्ञा: सेट ऑफ) ही सनदी लेखापाल (सीए) परीक्षेच्या उत्तीर्णतेच्या नियमांतील एक तरतूद आहे. या तरतुदीनुसार एका विषयात किंवा एका गटात मिळालेले जादा गुण दुसऱ्या विषयातील वा गटातील तूट भरून काढण्यासाठी धरले जातात. परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया (आयसीएआय) ही वैधानिक संस्था घेते. उत्तीर्णतेचे निकष सनदी लेखापाल विनियम, १९८८ यांत दिलेले आहेत.

ही भरपाई आणि वाढीव (ग्रेस) गुण या भिन्न गोष्टी आहेत. वाढीव गुण परीक्षा मंडळ आपल्याकडून देते; भरपाईत मात्र विद्यार्थ्याने स्वतः मिळवलेलेच गुण मोजले जातात, फक्त ते एकत्र मोजले जातात.

नियमाची रचना

इंटरमिजिएट आणि अंतिम या दोन्ही स्तरांवर मे २०२४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्रत्येकी सहा विषय असून ते तीन-तीन विषयांच्या दोन गटांत विभागलेले आहेत. प्रत्येक विषय १०० गुणांचा असतो. त्यापूर्वीच्या योजनेत दोन्ही स्तरांवर आठ विषय होते; निकष मात्र हेच होते.

एखादा गट उत्तीर्ण होण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. गटातील प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत, आणि गटाच्या एकूण ३०० गुणांपैकी किमान १५० हवेत. म्हणजे तिन्ही विषयांत नेमके ४० गुण मिळवणारा विद्यार्थी पहिली अट पूर्ण करतो, पण त्याची बेरीज १२० होत असल्याने तो अनुत्तीर्ण ठरतो. उरलेले ३० गुण त्याने कोणत्याही एका विषयात किंवा तिन्हींत मिळून आणले असते तरी चालले असते. ही गटांतर्गत भरपाई होय.

दुसरी भरपाई गटागटांमधील आहे. विद्यार्थ्याने दोन्ही गटांची परीक्षा एकाच सत्रात दिली असेल, सहाही विषयांत किमान ४० गुण मिळवले असतील आणि ६०० पैकी ३०० गुण झाले असतील, तर एखाद्या गटात १५० न होताही दोन्ही गट उत्तीर्ण मानले जातात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘सेट ऑफ मिळाला’ म्हणतात तो बहुधा हाच.

एक उदाहरण

इंटरमिजिएटच्या एका विद्यार्थ्याचे गुण असे आहेत असे समजू. पहिल्या गटात प्रगत लेखांकन ६३, कायदा ५८ व करआकारणी ६१, एकूण १८२. दुसऱ्या गटात परिव्यय लेखांकन ४१, लेखापरीक्षण ४४ व वित्तीय व्यवस्थापन ४०, एकूण १२५. दुसरा गट स्वतंत्रपणे पाहिल्यास २५ गुणांनी कमी पडतो. परंतु पहिल्या गटात ३२ गुण जादा असल्याने सहा विषयांची बेरीज ३०७ होते आणि विद्यार्थी दोन्ही गटांत उत्तीर्ण होतो.

आता वित्तीय व्यवस्थापनात ४० ऐवजी ३९ गुण पडले असे धरू. बेरीज ३०६ होते, म्हणजे गरजेपेक्षा अद्याप सहा जास्तच. तरीही दुसरा गट जातो, कारण ४० ही विषयवार किमान मर्यादा कोणत्याही जादा गुणांनी भरता येत नाही. पहिला गट स्वबळावर उत्तीर्ण राहतो. एकत्रित मोजणीत अपयश आले म्हणून तो हिरावला जात नाही. मात्र त्यातील ३२ जादा गुणांचा उपयोग तेथेच संपतो. पुढील सत्रात हा विद्यार्थी फक्त दुसरा गट देईल, तेव्हा त्याला त्या गटातूनच पूर्ण १५० गुण आणावे लागतील. उत्तीर्ण झालेल्या गटाचे जादा गुण पुढे नेता येत नाहीत.

याच कारणामुळे ३८ किंवा ३९ गुणांवर अडलेले विद्यार्थी गुणपडताळणीसाठी अर्ज करतात. पडताळणीत उत्तरांचे पुनर्मूल्यांकन होत नाही. एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे काय आणि बेरीज बरोबर आहे काय, एवढेच पाहिले जाते.

सूट व तिचा भरपाईशी संबंध

एखाद्या गटात अनुत्तीर्ण झालेल्या, पण त्यातील सर्व विषयांची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला एखाद्या विषयात ६० किंवा अधिक गुण असतील, तर त्या विषयातून पुढील तीन परीक्षांपुरती सूट (एग्झेम्प्शन) मिळते. येथे भरपाई एका सत्रातून दुसऱ्या सत्रात जाते, कारण सूट मिळालेल्या विषयाचे गुण पुढील सत्रांतही गटाच्या बेरजेत धरले जातात.

समजा, एखाद्याला पहिल्या गटात ६८, ४७ आणि ३१ गुण मिळाले. गट गेला, पण ६८ गुणांच्या विषयात सूट मिळाली. पुढील परीक्षेत १५० पूर्ण करण्यासाठी त्याला उरलेल्या दोन विषयांतून मिळून ८२ गुण पुरतात, उदाहरणार्थ ४० व ४२. सूट नेमकी ६० गुणांवर मिळाली असती, तर हाच आकडा ९० झाला असता. ‘सूट मिळाली’ एवढे कळून पुरत नाही. ती किती गुणांवर मिळाली हे पुढील तयारीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

तीन संधी संपल्यानंतर ही सूट कायमस्वरूपी चालू ठेवण्याचा पर्याय नव्या योजनेत देण्यात आला आहे. तो स्वीकारल्यास गटातील उरलेल्या प्रत्येक विषयात किमान ५० गुण मिळवावे लागतात. वरवर पाहता ही सवलत वाटते, परंतु तिने भरपाईचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. वरील विद्यार्थ्याला आधी दोन विषयांत मिळून ८२ गुण पुरत होते. आता किमान १०० हवेत, आणि एकात ७० मिळवले तरी दुसऱ्यातील ४९ त्याला तारू शकत नाहीत.

दुहेरी अटीमागील तर्क

प्रत्येक विषयात ५० गुणांची सक्ती केली, तर सहा स्वतंत्र अडथळे निर्माण होतात. एखाद्या प्रश्नपत्रिकेचा कठीणपणा, परीक्षकाचा हात किंवा परीक्षार्थीची त्या दिवसाची प्रकृती यांमुळे गुण थोडे वरखाली होतातच. ५० च्या आसपासची तयारी असलेला विद्यार्थी सहापैकी कोठेतरी घसरण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते. बेरजेत असे चढउतार काही प्रमाणात एकमेकांना छेदतात, म्हणून सरासरीवरील निर्णय अधिक स्थिर असतो. उलट केवळ बेरीज पाहिली, तर लेखापरीक्षण अजिबात न येणारा माणूस लेखांकनाच्या बळावर लेखापरीक्षक होऊ शकेल. ४० ची मर्यादा हे टाळण्यासाठी आहे.

अन्य परीक्षांतील स्वरूप

सीए फाउंडेशन स्तरावर गट नाहीत. तेथे चारही विषयांत किमान ४० आणि एकूण ४०० पैकी २०० गुण एकाच सत्रात आवश्यक असतात, व विषयवार सूट मिळत नाही.

महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त (दहावी) परीक्षेत हेच तत्त्व मर्यादित स्वरूपात आढळते. गणित आणि विज्ञान या दोहोंत प्रत्येकी किमान २५ व मिळून ७० गुण असल्यास विद्यार्थी उत्तीर्ण धरला जातो. तीन भाषांसाठीही अशीच सोय असून तेथे प्रत्येकी किमान २५ व एकूण १०५ गुण लागतात. येथे भरपाई संबंधित विषयसमूहापुरतीच राहते. भाषेतील जादा गुण गणिताच्या कामी येत नाहीत.