पाक्षिक हप्ता (गृहकर्ज)

पाक्षिक हप्ता ही गृहकर्जाची परतफेड करण्याची एक पद्धत आहे. तीत मासिक हप्त्याची निम्मी रक्कम दर १४ दिवसांनी भरली जाते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पगार बहुधा दोन आठवड्यांनी होत असल्याने ही पद्धत तेथे परिचित आहे. मराठीत पंधरवडा म्हणजे अर्धा महिना असला, तरी येथे तो अर्थ अभिप्रेत नाही आणि बचतीचे सारे गणित या फरकावरच उभे आहे.

बचतीचे कारण

वर्षात ५२ आठवडे असल्याने निम्मे हप्ते २६, म्हणजे पूर्ण हप्ते १३ होतात. हा तेरावा हप्ता थेट मुद्दलातून वजा होतो. उदाहरणार्थ, ३ लाख डॉलरचे कर्ज ६ टक्के स्थिर व्याजदराने ३० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १,७९९ डॉलर येतो. त्याचा निम्मा भाग दर १४ दिवसांनी भरून लगेच जमा झाल्यास कर्ज साधारण साडेचोवीस वर्षांत फिटते व व्याजात सुमारे ७४ हजार डॉलर वाचतात.

याउलट वर्षाचे तेच १२ हप्ते २६ भागांत विभागले, तर संपूर्ण मुदतीत जेमतेम ९०० डॉलर वाचतात. हप्ता लवकर पोहोचल्याने होणारा लाभ एवढाच. उरलेला सर्व तेराव्या हप्त्याचा. कॅनडातील बँका या दोन प्रकारांना वेगळी नावे देतात. तेरावा हप्ता ज्यात येतो, तो प्रकार ‘अ‍ॅक्सिलरेटेड’ म्हणून ओळखला जातो.

कर्जदात्याची मान्यता

अमेरिकेत कर्ज सांभाळणाऱ्या संस्थेने ही योजना मान्य केलेली असावी लागते. नसल्यास पाठवलेला निम्मा हप्ता अपूर्ण ठरून परत येऊ शकतो, किंवा उरलेला भाग येईपर्यंत वेगळ्या खात्यात पडून राहतो. या काळात मुद्दल कमी होत नाही. खातेउताऱ्यातील ‘न लावलेली रक्कम’ या नोंदीवरून हे ओळखता येते.

काही त्रयस्थ कंपन्या शुल्क घेऊन ही सोय पुरवत. अशाच एका कंपनीवर अमेरिकेच्या ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोने २०१५ मध्ये दावा केला. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल न्यायालयाने २०१७ मध्ये तिला सुमारे ७९ लाख डॉलरचा दंड केला. तिचे प्रारंभिक शुल्कच ९९५ डॉलरपर्यंत होते. वस्तुतः वरील उदाहरणात दरमहा १५० डॉलर जादा भरून ते मुद्दलात वळवण्याची लेखी सूचना दिल्यास जवळपास तेवढीच बचत कोणत्याही शुल्काविना होते. मुदतपूर्व परतफेडीवर दंड आहे का, एवढे करारात पाहावे लागते.

भारतातील स्थिती

भारतात समान मासिक हप्ता हीच रूढ पद्धत आहे. महिन्याच्या मध्यावर भरलेली रक्कम आगाऊ हप्ता म्हणून नव्हे, तर अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून नोंदवून घ्यावी लागते. त्यानंतर हप्ता कमी न करता मुदत कमी करण्याचा पर्याय निवडल्यास व्याज अधिक वाचते. वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे. स्थिर दराच्या कर्जावर मात्र ते लागू शकते.