नाण्याएवढ्या वर्तुळातील चेहरा : लिंक्डइनसाठी छायाचित्र निवडताना आणि सुधारताना

लिंक्डइनवर नोकरीसाठी नाव नोंदवणाऱ्याचे छायाचित्र मोठ्या आकारात फार थोडे लोक पाहतात. शोधयादीत, संदेशाशेजारी किंवा एखाद्या प्रतिक्रियेच्या कडेला ते मोबाईलवर रुपयाच्या नाण्याहूनही लहान वर्तुळात दिसते. पुढे मुलाखतीच्या दिवशी हाच चेहरा समोर येतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात त्या वर्तुळाचीच आठवण असते. त्यामुळे या छायाचित्राला दोनच कसोट्या लावायच्या. इतक्या लहान आकारात चेहरा स्पष्ट दिसतो का, आणि प्रत्यक्ष भेटणाऱ्याला तीच व्यक्ती समोर असल्याचे पटते का? छायाचित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

डिचोली तालुक्यातील, औषधनिर्माणशास्त्राची पदवी नुकतीच मिळवलेल्या एका तरुणीचे उदाहरण घेऊ. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कंपन्यांमध्ये गुणवत्ता नियंत्रण विभागात तिला काम हवे आहे. तिच्याकडे दोन छायाचित्रे आहेत. पहिले चुलत बहिणीच्या लग्नातील, आठ जणांच्या घोळक्याचे. दुसरे परीक्षेच्या अर्जासाठी स्टुडिओत काढलेले, पासपोर्ट आकाराचे.

हाताशी असलेली छायाचित्रे का चालत नाहीत

लग्नातील छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून आलेले आहे आणि त्याचा आकार १२०० गुणिले १६०० पिक्सेल आहे. एवढ्या घोळक्यात तिच्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत जेमतेम १३० पिक्सेल येतात. लिंक्डइनला किमान ४०० गुणिले ४०० पिक्सेलांचा चौकोन लागतो. तो भरण्यासाठी चेहरा ताणून मोठा केला, तर भुवया आणि ओठांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. शिवाय खांद्यावर शेजारणीचा हात तसाच राहतो. तो कापून काढला, तरी काहीतरी कापल्याचे लक्षात येतेच.

पासपोर्ट छायाचित्राची अडचण निराळी आहे. त्याची मूळ फाइल तिच्याकडे नाही. छापील प्रतीचे मोबाईलने पुन्हा छायाचित्र घेतले, तर कागदाची चकाकी आणि छपाईचे बारीक ठिपके त्यात उतरतात. मूळ फाइल मिळाली असती, तर हे छायाचित्र चालले असते. म्हणून स्टुडिओत छायाचित्र काढणाऱ्याने छापील प्रतींसोबत मूळ फाइलही मागून घ्यावी.

अंतर आणि उजेड

तेव्हा नवे छायाचित्र काढणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, पण छायाचित्र काढणारी दुसरी व्यक्ती मात्र लागते. हात लांब करून घेतलेल्या सेल्फीत कॅमेरा नाकापासून साधारण ४० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या टोकापासून सुमारे १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून ५२ सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे कानांच्या मानाने नाक सुमारे ३० टक्क्यांनी मोठे उमटते आणि चेहरा मध्यभागी फुगल्यासारखा दिसतो. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला, की हा फरक आठ टक्क्यांवर येतो. नंतर कितीही सुधारणा केली तरी जवळून आलेला हा फुगवटा नीट जात नाही. म्हणून दीड मीटर दूर उभे राहावे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि शक्यतो मोबाईलच्या मागच्या बाजूचा कॅमेरा वापरावा.

समोरचा कॅमेरा टाळण्याला आणखी एक कारण आहे. अनेक मोबाईल सेल्फी आरशातल्यासारखी उलटी साठवतात. मग साडीचा पदर उजव्या खांद्यावर जातो, भांग दुसऱ्या बाजूला सरकतो आणि कोटावरील अक्षरे उलटी दिसतात. पदर किंवा भांग पाहिला, की ही चूक लगेच ओळखता येते.

उजेडासाठी घराचा व्हरांडा उत्तम. छपराच्या सावलीत, पण उघड्या बाजूकडे तोंड करून उभे राहिले, की आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो. पावसाळ्यात ढगाळ आभाळामुळे असा उजेड दिवसभर मिळतो, तर उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी. भर दुपारच्या उन्हात मात्र डोळ्यांखाली काळ्या खोबण्या पडतात. खोलीतल्या डोक्यावरच्या दिव्याखालीही हेच घडते.

व्हरांड्यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लाल सिमेंटची जमीन असेल, तर तिच्यावरून परतलेला उजेड हनुवटीखाली तांबूस छटा टाकतो. समोर दाट झाडी असेल, तर गालांवर हिरवट झाक येते. त्या तरुणीच्या पहिल्या छायाचित्रात नेमके हेच झाले होते. चेहरा व्यवस्थित होता, पण मान लालसर दिसत होती. पायांपुढे पांढरी चादर अंथरून पुन्हा छायाचित्र घेतल्यावर ती छटा गेली आणि डोळ्यांखालची सावलीही उजळली.

पार्श्वभूमी केसांहून वेगळी उठून दिसायला हवी. काळ्या केसांमागे काळपट शिसवी दार आले, की लहान वर्तुळात डोक्याची कडाच हरवते. फिकट राखाडी, फिकट पिवळी किंवा मळकट पांढरी भिंत चालते, आणि तिच्यापासून एक-दोन पावले पुढे उभे राहिले तर सावली भिंतीवर पडत नाही. पार्श्वभूमी धूसर करणारी मोबाईलची सोय वापरली असेल, तर छायाचित्र मोठे करून केसांच्या बटा, कानातले आणि चष्म्याच्या दांड्या तपासाव्यात. यंत्राची गफलत बहुधा तिथेच होते. कधी अर्धे कानातले धूसर होते, तर कधी दोन बटांमधली भिंत तशीच स्पष्ट राहते.

चौकोन कापताना

या तरुणीचे छायाचित्र तिच्या भावाने काढले. मूळ फाइल ३००० गुणिले ४००० पिक्सेलांची होती. तिच्यातून डोके आणि खांदे येतील असा ९०० गुणिले ९०० पिक्सेलांचा चौकोन कापला, तेव्हा तो किमान मर्यादेच्या दुपटीहून मोठा भरला. मात्र आधी त्याने ते व्हॉट्सअॅपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवले होते. तिच्यापर्यंत पोहोचताना ते १२०० गुणिले १६०० पिक्सेलांचे झाले आणि तोच चौकोन ३६० पिक्सेलांवर, म्हणजे मर्यादेखाली गेला. हीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यावर ती मूळ आकारात मिळाली. छायाचित्र कारण नसताना पुसट दिसू लागले, तर आधी फाइलचा आकार पाहावा. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून पाठवण्याच्या रीतीचा असतो.

चौकोन कापताना शेवटी वर्तुळच दिसणार, हे ध्यानात ठेवावे. चौकोनात बसवलेल्या वर्तुळाबाहेर त्याचा एकपंचमांशाहून थोडा अधिक भाग जातो, आणि तो सगळा चार कोपऱ्यांतला असतो. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचा भाग चौकोनाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक असावा. डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडावी आणि डोळे मध्यरेषेच्या किंचित वर ठेवावेत. नोकरी शोधत असल्याचे सांगणारी हिरवी पट्टी लावायची असेल, तर ती वर्तुळाची कड झाकते. म्हणून त्यासाठी चौकोन थोडा सैल कापावा.

सुधारणा कुठे थांबवावी

सुधारणेला एक क्रम आहे. आधी कललेले छायाचित्र सरळ करावे, मग चौकोन कापावा, त्यानंतर उजळपणा आणि शेवटी रंग. उजळपणा वाढवताना कपाळ आणि नाकाच्या शेंड्याकडे लक्ष ठेवावे. तिथली त्वचा सपाट पांढरी झाली, की एक पाऊल मागे यावे. रंगाची कसोटी डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर पाहावी. ते पांढरे दिसत असतील, तर त्वचेचा रंगही बहुतेक खरा असतो.

खरा मोह यानंतर सुरू होतो. अनेक मोबाईलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करणारी सोय समोरच्या कॅमेऱ्यात आधीपासूनच चालू असते. ती त्वचा गुळगुळीत करते, रंग उजळ करते, कधी जबडा निमुळता करते. तीळ, व्रण, कधीकधी बारीक टिकलीदेखील तिच्या तडाख्यातून सुटत नाही. गोरेपणाच्या आग्रहामुळे ही सोय अनेकांना हवीहवीशी वाटते. पण मुलाखतीला येणारी व्यक्ती छायाचित्राहून दोन छटा सावळी दिसली, तर समोरच्याला रंगाबद्दल काहीच वाटत नसले तरी छायाचित्र खरे नव्हते एवढे त्याला नक्की कळते. आठवड्याभरात जाणारी मुरमाची पुटकुळी पुसायला हरकत नाही. जन्मखूण, तीळ, सुरकुती आणि रंग जसेच्या तसे ठेवावेत. आज जे दिसते आणि पुढच्या वर्षीही दिसेल, त्याला हात लावू नये, हा सोपा नियम.

या तरुणीने अखेर दोन छायाचित्रे बाजूला काढली, एक सुधारलेले आणि एक जवळजवळ मूळ. दोन्ही मोबाईलवर नाण्याएवढी लहान करून तिने हात लांब करून पाहिली. सुधारलेल्या छायाचित्रात गालांच्या छटा पुसल्या गेल्यामुळे चेहरा सपाट दिसत होता. मूळ छायाचित्रात नाक, गाल आणि हसू लहान आकारातही उमटत होते. तिने मूळचेच निवडले.

कोणाला दिसावे, कोणाला नाही

छायाचित्र चढवल्यावर ते कोणाला दिसावे, हेही ठरवता येते. ते केवळ आपल्या परिचितांच्या जाळ्यापुरते ठेवले, तर त्या जाळ्याबाहेरच्या भरती अधिकाऱ्याला मोकळे वर्तुळ दिसते. पुष्कळांच्या हे लक्षातच येत नाही. सर्वांसाठी खुले ठेवले, तर ते लिंक्डइनचे सदस्य नसलेल्यांच्याही नजरेस पडू शकते. ज्यांना अनोळखी लोकांचा उपद्रव नको असेल, त्यांनी ते लिंक्डइनच्या सदस्यांपुरते ठेवावे. त्यात भरती अधिकारीही येतात आणि उघडा वावरही थोडा कमी होतो.

छायाचित्र लावणे बंधनकारक नाही. चेहरा पाहून वय, जात, धर्म किंवा वर्ण यांविषयी मत बनवणारे लोक असतात, आणि कोणतीही सुधारणा त्यावर उपाय ठरत नाही. त्या कारणाने कोणी वर्तुळ मोकळे ठेवले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय. लावायचे ठरले, तर मात्र ते मुलाखतीच्या सकाळी कंपनीच्या प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याने एका दृष्टिक्षेपात ओळखावे असे असावे. चेहऱ्यात ठळक बदल झाला, चष्मा लागला, दाढी ठेवली किंवा केस कापले, की व्हरांड्यातला तोच अर्धा तास पुन्हा काढावा.