घरगुती वीज देयकाचे वाचन

वीज देयक (बोलीत लाइट बिल) म्हणजे ठरावीक कालावधीत वापरलेल्या विजेचा व त्यापोटी देय असलेल्या रकमेचा लेखी हिशेब होय. महाराष्ट्रात हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. या लेखात महावितरणच्या घरगुती देयकाचा विचार केला आहे.

मीटर वाचन व युनिट

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास वीज खर्च होते. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर अनेक आकडे आळीपाळीने येतात; त्यांतील `kWh` असे लिहिलेला आकडाच देयकासाठी घ्यावयाचा असतो. `kW` अथवा `V` समोरचा आकडा निराळ्या गोष्टीचा असतो आणि घाईत नेमकी तीच चूक होते. देयकावरील 'चालू रीडिंग'मधून 'मागील रीडिंग' वजा करून 'गुणक अवयवा'ने गुणले की वापरलेले युनिट मिळतात. घरगुती मीटरसाठी हा गुणक सामान्यतः १ असतो.

देयकातील आकार

येथे 'आकार' हा शब्द आकारणी या अर्थाने येतो. 'स्थिर आकार' वापराशी निगडित नसतो. घर महिनाभर बंद राहिले आणि एकही युनिट जळले नाही, तरी तो भरावा लागतो. सिंगल फेज व थ्री फेज जोडणीसाठी तो वेगवेगळा असतो. 'वहन आकार' प्रत्येक युनिटमागे असतो. 'इंधन समायोजन आकार' वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे बदलतो, म्हणून वापर तितकाच असूनही दोन महिन्यांची देयके जुळत नाहीत. या आकारांच्या बेरजेवर घरगुती ग्राहकांकडून १६ टक्के वीज शुल्क घेतले जाते. हे शुल्क राज्य शासनाचे असते.

टप्प्यांचा दर

'वीज आकार' टप्प्याटप्प्याने वाढतो. महिन्याला १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व ५०० पेक्षा अधिक असे हे टप्पे आहेत. शंभराच्या पुढे एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १०१ युनिट वापरल्यास पहिल्या शंभरांना पहिलाच दर लागतो आणि केवळ एका युनिटाला दुसरा.

खरा फटका बसतो तो वाचनाचा महिना चुकल्यास. समजा, हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या टप्प्याचा दर ४ रुपये व दुसऱ्याचा १० रुपये धरला (प्रत्यक्ष दर आयोगाच्या आदेशानुसार बदलतात). १५ मे रोजी रीडिंग ४८६२ होते. जूनमध्ये घराला कुलूप असल्याने वाचन झाले नाही. १५ जुलैला ते ५१४२ आले. दोन महिन्यांचा वापर २८० युनिट. तो एकाच महिन्याचा मानला, तर १०० युनिटांचे ४०० व उरलेल्या १८० युनिटांचे १८०० मिळून वीज आकार २२०० रुपये होतो. योग्य रीतीने दरमहा १४० युनिट धरल्यास प्रत्येक महिन्याचे ४०० अधिक ४००, म्हणजे ८०० रुपये आणि दोन महिन्यांचे १६०० रुपये होतात. सहाशे रुपयांचा हा फरक केवळ टप्प्यांच्या विभागणीमुळे पडतो; शिवाय त्यावर वीज शुल्कही वाढते.

वाचन न झालेल्या महिन्यात सरासरीवर देयक काढतात. जूनचे देयक ९० युनिट सरासरीने काढले असेल, तर त्याचा वीज आकार ३६० रुपये होतो. जुलैमध्ये १६०० मधून हे ३६० वजा होऊन १२४० रुपये उरले पाहिजेत. उरलेल्या १९० युनिटांची नुसतीच एका महिन्याची आकारणी केली, तर १३०० रुपये येतात. जूनच्या पहिल्या टप्प्यातील न वापरलेले दहा युनिट त्यात बुडतात.

चूक कशी ओळखावी

चालू रीडिंगच्या जागी अंकाऐवजी 'लॉक', 'फॉल्टी' किंवा 'आर.एन.ए.' (रीडिंग उपलब्ध नाही) असे दिसले, तर ते देयक सरासरीचे समजावे. अशा वेळी मीटरचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवणे उपयोगी पडते. मीटरवरील आकडा देयकातील चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर वाचन निश्चितच चुकले आहे. कारण आकडा मागे जात नाही. मीटर बदललेला असल्यास मात्र ही तुलना लागू पडत नाही.

मीटर पूर्णपणे बंद पडला असेल, तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून आकारणी होते आणि ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच करता येते. देयकाची रक्कम एकाएकी फुगलेली दिसल्यास प्रथम 'निव्वळ थकबाकी' हा रकाना पाहावा. पुष्कळदा वाढ वापराची नसून मागील न भरलेल्या देयकाची असते.