लाईन गेली तरी कीर्तन चालू

मागच्या वर्षी गावाकडच्या सप्ताहाला गेलो होतो. अकोट-दर्यापूरच्या पट्ट्यात माघ-फाल्गुनात गावोगाव सप्ताह बसतात, त्यातलाच एक. बुवा नामांकित, मंडप मोठा, चार बाजूंना चार भोंगे. कीर्तन ऐन रंगात आले आणि बायकांच्या बाजूला एक लेकरू रडायला लागले. बुवा थांबले, त्या बाजूला पाहिले आणि माईकवरूनच म्हणाले, "बाई, जरा त्याला बाहेर घेऊन जा, लोकांना ऐकू द्या." झाले! हजारभर माना तिकडे वळल्या. विशी-बाविशीची ती पोरगी लेकराला छातीशी धरून खाली मान घालून निघून गेली. नंतरच्या तीन दिवसांत ती मला मंडपात दिसली नाही.

मला आमच्या मोठेबाबांची आठवण झाली. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. चाळीसेक वर्षे त्यांनी अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत वारकरी कीर्तन केले. फार मोठे नाव नव्हते, बिदागी म्हणून कधी नारळ तर कधी पायली दोन पायली ज्वारी. पण त्यांच्या कीर्तनातून कुणाला उठून जावे लागल्याचे मला आठवत नाही. हे कसे जमायचे, याचा त्या रात्रीपासून विचार करतो आहे. तो इथे मांडून ठेवतो.

आधी एक साधी गोष्ट. कीर्तन हा प्रकार माईकच्या, विजेच्या कितीतरी आधीचा. देवळाच्या ओसरीवर किंवा नदीच्या वाळवंटात, रात्री, मशालीच्या नाहीतर गॅसबत्तीच्या उजेडात ते व्हायचे. भोवती लेकरे, कुत्री, उशिरा येणारे, मध्येच उठणारे, सगळे असायचेच. गॅसबत्तीला दर थोड्या वेळाने पंप मारावा लागे, मँटल फुटले तर ती बदलेपर्यंत अंधार. म्हणजे व्यत्यय हा अपवाद नव्हताच, तो गृहीत धरलेला होता. आणि मला वाटते, कीर्तनाची बांधणीही त्यामुळेच तशी टिकली.

वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग घेतात आणि त्याचा एकेक चरण उलगडत जातात. चरणावर बोलणे झाले, दाखला सांगून झाला की परत ध्रुपदावर यायचे. मागे दोन्ही बाजूंना टाळकरी उभे, मृदंगी आणि विणेकरी सोबतीला. बुवांनी हात वर केला की टाळकरी ध्रुपद किंवा नामाचा गजर उचलतात आणि बुवांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. ऐकणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते कळते. मध्येच काही घडले, धागा तुटला, तर परत यायला ध्रुपद नावाची खुंटी जागेवरच असते. लिहून आणलेले भाषण मध्येच तुटले की वक्ता कागदात बोट घालून जागा शोधत बसतो. कीर्तनकाराला ती शोधावी लागत नाही.

मोठेबाबा लेकरू रडल्यावर काय करत ते मी लहानपणी कितीदा तरी पाहिले, समजले मात्र उशिरा. पहिली गोष्ट म्हणजे ते त्या बाजूला बघत नसत. बुवा जिकडे बघतो तिकडे गाव बघते. चालू वाक्य मात्र पुरे करत, अर्ध्यात सोडत नसत. मग मृदंग्याकडे मान हलवून गजर टाळकऱ्यांकडे सोपवत, तोही संथ लयीत. दोन-तीन आवर्तने होईपर्यंत आईला पदराआड घ्यायला किंवा कडेला सरकायला वेळ मिळायचा. पुष्कळदा लेकरू टाळाच्या आवाजानेच गप्प व्हायचे. मग ते ध्रुपद एकदा स्वतः म्हणत, "तर आपण काय म्हनत होतो..." अशी एका वाक्यात उजळणी करत आणि पुढे जात. बाई उठायलाच लागली तर मात्र बोलत, "बस माय, उठू नको. लेकरू हाय, रडनच थे." एवढेच. त्यावर विनोद नाही की उपदेश नाही. विनोद केला तरी माना वळतातच, असे ते म्हणायचे.

यात त्यांची एकट्याची हुशारी होती असे नाही. वऱ्हाडात या बाबतीत मोठे घराणेच होते म्हणा ना. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले आणि मामांकडे अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला वाढले. त्यांची कीर्तने आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकली. सुरुवातीच्या काळात ना माईक, ना वीज. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावाच्या बोलीत कीर्तन करत. त्यांची रीत सवाल-जवाबाची. बाबा विचारणार, लोक एका सुरात उत्तर देणार, पुन्हा सवाल. मध्ये गोपाळाच्या नावाची धून.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनच्या आवारात झालेले त्यांचे शेवटचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबा गेले. ते मुद्रण मी कितीदा तरी ऐकले असेल. ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. त्या सवालांमुळे लोक जागे राहतात हे तर खरेच, पण त्यात एक मोजमापही आहे. मागच्या रांगेतून उत्तर आले म्हणजे तिथवर आवाज पोचतोय. नाही आले तर हळू बोला, वाक्ये लहान करा, किंवा लोकांना पुढे बोलवा. आणि उत्तर देणारा माणूस शेजारच्या लेकराच्या रडण्याकडे फारसे लक्ष देत नाही, कारण त्याला स्वतःला काम लागलेले असते. बाबांनी हे ठरवून केले असेल असा माझा दावा नाही. पण माईक नसलेल्या माणसाची ही पद्धत आहे हे नक्की.

मग माईक आला. बुवांचा आवाज चौपट झाला, पण एकाच बाजूने. आता रडणारे लेकरू म्हणजे कार्यक्रमात अडथळा. आणि पूर्वी रागावले तरी ते चार माणसांनाच ऐकू जायचे, आता गावाच्या वेशीपर्यंत जाते. गंमत म्हणजे लेकरू पुष्कळदा त्या भोंग्यानेच दचकून रडते. बायकांच्या बाजूच्या खांबावर भोंगा बांधतात आणि लेकुरवाळ्या नेमक्या त्याच्याखाली बसतात, कारण कडेची जागा तीच. मोठेबाबा कीर्तनाआधी मंडपाला एक चक्कर मारून तो भोंगा उंच आणि बाहेरच्या दिशेने करायला लावायचे. त्याने माईकची कुईऽऽ सुद्धा कमी व्हायची. भोंग्यातला आवाज परत माईकात शिरला की ती शिट्टी वाजते. तेव्हा माईकवर टिचक्या मारून किंवा "हॅलो हॅलो" करून काही होत नाही. भोंग्याचे तोंड फिरवायचे, माईक तोंडाजवळ घ्यायचा आणि मशीनचा आवाज उतरवायचा.

आता ती रात्र सांगतो. साल २००६. भारनियमनाचे दिवस, खेड्यात बारा-बारा तास लाईन नसायची. अकोटकडच्या एका गावात मोठेबाबांचे कीर्तन होते, मी सोबत होतो. दुसऱ्या चरणावर सुदाम्याचा दाखला चालू होता आणि लाईन गेली. पूर्ण अंधार, माईक बंद. अमावस्येच्या आसपासचे दिवस असावेत, हाताला हात दिसेना. पोरे ओरडली, काही माणसे उभी राहिली.

एक क्षणही गेला नसेल, मोठेबाबांनी स्वतःच्या हातातले टाळ वाजवले. टाळकऱ्यांनी गजर उचलला. अंधारात आवाज थांबला की माणूस घाबरतो, आवाज चालू असला की बसून राहतो, हे त्यांनी नंतर सांगितले. गजर चालू असतानाच ते म्हणाले, "कोनी उठू नका. लेकराले जवळ घ्या. बसल्या जाग्यावरून पुढं सरका." नुसते "शांत राहा" नाही, तर काय करायचे ते. मंडप निम्म्याने आक्रसला. याला शास्त्रही आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणजे ओरडून जे साधत नाही ते लोक पुढे सरकल्याने साधते.

कुणीतरी कंदील आणला. मोठेबाबांनी सूर थोडा चढा घेतला, कारण माईकवर खालच्या पट्टीत भागते, उघड्यावर नाही. बोलणे मात्र हळू केले. एक लहान वाक्य, मग थांबणे. आणि मध्येच सवाल, "सुदाम्यानं पोह्याची पुरचुंडी लपवली का नाई?" मागून "लपवली!" आले तेव्हा पुढे गेले.

तिकडे माईकवाला ट्रॅक्टरची बॅटरी काढत होता. मशीन बारा व्होल्टवर चालते, ट्रॅक्टरची बॅटरी तेवढीच. पंधरा-वीस मिनिटांत जोडणी झाली. त्याने हात केला. मोठेबाबांनी मात्र त्याला खुणेने थांबवले, सुदाम्याचा दाखला पुरा केला, ध्रुपद झाले आणि मग माईक घेतला. मध्येच भोंगा सुरू झाला असता तर बांधलेले सगळे सुटले असते.

हे सगळीकडे चालते असे नाही. दाखल्याच्या ऐन टोकाला गजर घातला तर दाखला मरतो, तिथे रडणे पोटात घालून पुढेच जावे लागते. हजारांवर माणसे असली तर उघडा आवाज पुरत नाहीच, तेव्हा गजर करत बसणे आणि लाईनची वाट पाहणे हेच खरे. आणि त्यांचाही घसा त्या रात्रीनंतर दोन दिवस बसला होता.

परवा गावी फोन झाला तेव्हा त्या मंडपातल्या पोरीबद्दल वहिनीला विचारले. म्हणाली, "थे कायले येते आता? सासू म्हनते, लेकरू मोठं होऊ दे, मग जा." म्हणजे निदान तीन-चार वर्षे गेली. त्या रात्री मी तिथेच, पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ वाजवता येतात मला. उचलले नाहीत.

असो. यंदाच्या सप्ताहाला बुवा कोण हे अजून ठरायचे आहे. बायकांच्या बाजूचा भोंगा बाहेर फिरवायचे मात्र मी सांगून ठेवले आहे.